३१८ पानांपैकी वाचली किती?

आमची कंपनी लहान आहे, कर्वे रस्त्यावर दोन खोल्यांत चालते. मोठमोठ्या पीडीएफ फायलींचा सारांश करून देणारं एक टूल आम्ही बनवतो. आत भाषेचं मॉडेल आहे, वर आमचा प्रोग्रॅम. पुनर्विकासाच्या भानगडीत पडलेल्या गृहनिर्माण संस्था हे आमचे मुख्य गिऱ्हाईक, आणि पुण्यात अशा संस्थांना काही तोटा नाही. माझ्याकडे आलेलं काम ऐकायला किरकोळ वाटणारं होतं. फाईल मॉडेलच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तर नेमका कोणता भाग वाचला गेला, ते वापरणाऱ्याला सांगायचं.

काम माझ्याकडे आलं ते कोथरूडच्या एका संस्थेच्या सेक्रेटरी काकांमुळे. त्यांनी विकसन करारनाम्याचा मसुदा टाकला होता, परिशिष्टांसकट ३१८ पानांचा. सारांशात एक वाक्य आलं, ‘करारात बँक हमीची तरतूद आढळत नाही.’ काकांनी फोन केला. ‘अगं, बँक गॅरंटीचा ठराव मीच लिहिलाय. पान दोनशेच्या पुढे कुठेतरी आहे. तुमच्या टूलनं तिथपर्यंत वाचलं तरी का?’

प्रश्न अगदी रास्त होता आणि पडद्यावर त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

पहिली सूचना टीममध्ये लगेच आली, की मॉडेललाच शेवटी ‘कोणती पानं वाचली ते लिही’ असं सांगू. करून बघितलं. सारांशाखाली मोठ्या विश्वासाने ‘संपूर्ण दस्तऐवजाच्या आधारे’ असं छापून यायला लागलं. यात मॉडेल खोटं बोलतंय असंही म्हणता येत नाही. पानं कापली जातात ती मॉडेलकडे मजकूर जाण्याआधी, आमच्या प्रोग्रॅममध्ये. मॉडेलच्या हातात जे पडतं तेच त्याच्या लेखी पूर्ण दस्तऐवज असतं. शेवटची ४९ पानं बाहेर राहिली हे त्याला कळणार कुठून? तेव्हा हा हिशोब मॉडेलने नाही, पानं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने द्यायचा, हे पक्कं झालं.

मग मी काकांचीच फाईल घेऊन पानागणिक नोंदवही बनवायला बसले. पायथॉनमध्ये `page.get_text()` ने प्रत्येक पानातून किती अक्षरं निघतात ते बघायचं आणि त्यातलं पुढे किती गेलं ते लिहून ठेवायचं. टूलची जुनी रीत सरळ होती. पान १ पासून मजकूर भरत जायचं, टोकनची मर्यादा संपली की थांबायचं. टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते. या फाईलमध्ये भरणं थांबलं होतं पान २६९ च्या मध्यावर. म्हणजे ‘१ ते २६९ वाचली’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. नोंदवही बघितल्यावर तसं लिहायची सोय राहिली नाही.

पानं १ ते ११२ हा मूळ करार, इंग्रजीत, स्वच्छ टाइप केलेला. तो सगळा गेला होता. ११३ ते १९० मध्ये सातबारा, मिळकत पत्रिका, इंडेक्स टू, मंजूर नकाशे, सगळं स्कॅन केलेलं. अशा पानात अक्षरं नसतातच, फोटो असतो. `get_text()` तिथून रिकामा हात घेऊन परत येतो. ती ७८ पानं कोणत्याही तक्रारीशिवाय ओलांडली गेली होती, आणि त्यांनी टोकन अजिबात खाल्ले नसल्यामुळे भरणं आणखी पुढच्या पानांपर्यंत पोचलं होतं. नुसत्या शेवटच्या पानाच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर जितकी स्कॅन पानं जास्त तितकं ‘जास्त वाचलं’ असं दिसतं.

१९१ ते २३६ म्हणजे सर्वसाधारण सभेचे ठराव. काकांचा बँक हमीचा ठराव पान २०८ वर होता. पडद्यावर तो शुद्ध मराठीत दिसतो, पण आतून निघालेला मजकूर असा होता: `g^oMm`. हे म्हणजे ‘सभेचा’. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं सगळं असंच निघतं, कारण तिथे देवनागरीचा फक्त पेहराव असतो, खाली साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ही ४६ पानं मॉडेलपर्यंत पोचली होती. आमच्या लॉगमध्ये ‘पाठवली’ अशी नोंदही होती. पण त्यातून काही वाचलं गेलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. शिवाय अशा चिन्हांच्या गर्दीचे टोकन बेसुमार होतात. या ४६ पानांनी खाल्लेल्या जागेत राहून गेलेली शेवटची पानं आरामात मावली असती. हिशोब मांडला म्हणून हे दिसलं, एरवी कोण बघतंय.

ही पानं ओळखायला फार डोकं लावावं लागलं नाही. `page.get_fonts()` पानावरच्या फाँटची नावं देतं आणि जुन्या फाँटची नावं ठरलेली आहेत. ज्या पानाचा फाँट त्या यादीत आहे आणि ज्याच्या मजकुरात U+0900 ते U+097F या देवनागरीच्या पट्ट्यातलं एकही अक्षर नाही, ते पान ‘बिघडलेलं’ धरायचं आणि पाठवायचंच नाही. पान २०८ ची नोंद मग अशी दिसायला लागली:

```json
{"pdf_page": 208, "chars": 1940,
 "state": "garbled", "sent": false}
```

आणखी एक दुरुस्ती पान २६९ मुळे करावी लागली. २३७ पासून पुढचा मजकूर नीट गेला होता, पण मर्यादा संपली तिथे वाक्य अर्धवट तुटलं होतं. करारात याचा धोका मोठा असतो, कारण अट आधी येते आणि ‘मात्र’ने सुरू होणारा अपवाद नंतर. अट मॉडेलकडे गेली आणि अपवाद बाहेर राहिला तर सारांश छातीठोकपणे उलटं सांगू शकतो. आता तोडायचं ते कलमाच्या शेवटीच, आणि तरीही काही अर्धं गेलं तर त्या पानाला ‘अंशतः’ असा वेगळा शिक्का.

नोंद कुठे करायची यावर थोडी वादावादी झाली. आधी मी पानं निवडतानाच ती करत होते. पण निवडलेलं आणि प्रत्यक्ष गेलेलं यांत फरक पडू शकतो. मध्ये एखादी लायब्ररी असते, तिच्यात `truncation=True` असं काही लिहिलेलं असतं आणि ती गुपचूप शेपूट कापते. त्यामुळे नोंद अगदी शेवटच्या टप्प्यावर, मॉडेलकडे जाणाऱ्या मजकुरावरूनच करायची असं ठरलं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाची खूण घालायची आणि शेवटी गेलेल्या मजकुरात त्या खुणा मोजायच्या. पडताळणीसाठी एका मोठ्या बनावट करारात ठरावीक पानांवर भलतीच वाक्यं पेरली, ‘जांभळ्या कुलपाची किल्ली वॉचमनकडे’ अशा थाटाची. न पाठवलेल्या पानावरचं वाक्य सारांशात उगवलं तर नोंदवही चुकतेय हे नक्की. उलट बाजूने मात्र एवढी खात्री मिळत नाही. पान गेलंय, तरी लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातलं वाक्य मॉडेलकडून निसटू शकतं. २०२३ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध झालं आहे, आमच्या पेरलेल्या वाक्यांचंही मधूनमधून तेच व्हायचं. म्हणून पडद्यावर आम्ही ‘वाचली’ हा शब्द टाळून ‘सारांशासाठी घेतली’ असं लिहितो.

आता हे वापरणाऱ्याला सांगायचं कसं? मी हौसेने पानवार तक्ता केला, हिरव्या-लाल पट्ट्यांचा. काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, ‘हे छान आहे गं, पण मला राहिलं काय ते सांग. झालं ते मी गृहीत धरतो.’ तक्ता गेला आणि त्या जागी चार ओळी आल्या, सारांशाच्या वर, कारण तळाशी लिहिलेलं कोणी बघत नाही. काकांना मिळालेल्या पहिल्या सारांशासाठी त्या अशा असत्या:

‘या सारांशात पुढील पाने नाहीत. ११३–१९०: स्कॅन केलेली, मजकूर मिळाला नाही. १९१–२३६: जुन्या फाँटमधील, मजकूर बिघडलेला. २६९ (अर्धे) ते ३१८: जागेअभावी घेतली नाहीत, अनुक्रमणिकेनुसार यात बांधकामाचा तपशील व विशेष अटी आहेत.’

‘अनुक्रमणिकेनुसार’ हा शब्द मी हट्टाने ठेवला. न बघितलेल्या पानांत काय आहे हे आपण सांगतोय ते दुसऱ्याच्या भरवशावर, आणि करारांच्या अनुक्रमणिका जुन्या मसुद्यातून जशाच्या तशा उचललेल्या असतात.

पानांच्या आकड्यांनीही छळलं. काकांच्या हातात छापील प्रत, तिच्यावर परिशिष्टांचे आकडे प्रत्येक वेळी १ पासून सुरू. पीडीएफमधलं २०८ वं पान त्यांच्या लेखी ‘परिशिष्ट क, पान १८’. आता आम्ही दोन्ही आकडे देतो. छापील आकडा सापडला नाही तर पानावरचं पहिलं शीर्षक.

सगळ्यात जास्त फरक पडला तो ‘नाही’ असं सांगणाऱ्या वाक्यांमध्ये. काही पानं बाहेर राहिली असतील तर ‘करारात तरतूद आढळत नाही’ हे वाक्य टूलला आता लिहिताच येत नाही. तिथे येतं, ‘घेतलेल्या १४४ पूर्ण पानांत व २६९ च्या अर्ध्या पानात तरतूद आढळली नाही, न घेतलेल्या पानांत असू शकते.’ पुढे काकांनी एखादा सुटा प्रश्न विचारला तर त्या उत्तरासाठी शोधून काढलेले मोजकेच उतारे जातात, अख्खी फाईल जात नाही. म्हणून प्रत्येक उत्तराखाली त्या उत्तरापुरती पानं वेगळी छापावी लागतात. सारांशाचा हिशोब तिथे चिकटवला तर तो खोटा ठरतो.

बिघडलेली पानं गाळल्यावर शेवटची पानं आत आली. जुन्या फाँटचे ठराव युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतले आणि जागा पुरेना म्हणून वेगळ्या फेरीत मॉडेलकडे पाठवले, बँक हमी सापडली. स्कॅन पानं फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या `tesseract -l mar+eng` मधून काढली. त्यांना ‘फोटोवरून, तपासून घ्या’ असा शिक्का आहे, कारण मिळकत पत्रिकेवरच्या पुसट आकड्यांत ५ आणि ६ ची अदलाबदल होते आणि क्षेत्रफळ बदलतं. मंजूर नकाशे मात्र ‘घेतले नाहीत’ या ओळीतच राहिले. त्यातल्या रेषांचं काय करायचं याचं उत्तर आमच्याकडे नाही. ती ओळ दाखवून काकांनी तेवढ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि संस्थेच्या आर्किटेक्टकडे पाठवून दिल्या.