एकाच नाण्याची दोन रूपे

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या छोट्या संग्रहालयात नाणी तपासण्यासाठी मला बोलावले होते. तेथील एका पेटीत चांदीची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवलेली होती आणि खाली ‘जोगलटेंभी निधी’ अशी पाटी होती. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. पांडवलेणीतील लेखात क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केल्याचे श्रेय गौतमीपुत्राला दिले आहे. ही नाणी म्हणजे त्याच घटनेचा धातूतील पुरावा होय. त्यामुळे नाशिककरांना त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पुनर्मुद्रित नाण्यात नहपानाचा चेहरा पूर्णपणे नाहीसा होत नाही. तीन कमानींचा डोंगर किंवा उज्जैन चिन्ह त्याच्यावर बसते आणि त्याखालून कोठे नाक, कोठे केसांची रेघ, कोठे ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. कारागिराने जुने नाणे ठशाखाली कसे ठेवले, ते किती फिरले आणि घाव किती जोरात बसला, हे प्रत्येक वेळी वेगळे असते. एकाच ठशाने मारलेली दोन नाणी मिळू शकतात. परंतु खालचे चित्र आणि वरचे चित्र यांचा परस्परांशी असलेला कोन व अंतर दोन नाण्यांत तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्य आहे.

या दोन नाण्यांत ते जुळत होते. मी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा डोंगराच्या डाव्या कमानीतून डोकावणारी नहपानाची हनुवटी दोन्हींत त्याच जागी दिसली; इतकेच नव्हे, तर काठावरचा एक तिरका ओरखडाही दोन्हींत होता. संग्रहालय सांभाळणाऱ्या प्राध्यापिका बाईंनी विचारले, “सर, म्हणजे दोन्ही खोटी?” मी म्हणालो, “तसे नाही, बाई. किमान एक तरी ओतीव आहे, एवढेच आत्ता म्हणता येईल. दुसरे त्याचा मूळ नमुना असू शकते.”

आता कोणते मूळ, हे ठरवायचे होते. पहिल्या नाण्यावरचा ओरखडा तीक्ष्ण कडांचा होता आणि अक्षरांच्या मुळाशी घावामुळे सरकलेल्या धातूच्या बारीक रेषा दिसत होत्या. दुसऱ्यावर तोच ओरखडा बोथट होता, अक्षरांच्या कोपऱ्यांत हवेच्या बुडबुड्यांचे गोल खड्डे होते आणि काठ कानशीने घासल्याच्या समांतर खुणा होत्या, कारण साच्याचा सांधा तेथेच झाकावा लागतो. पहिल्याचा व्यास एका ठिकाणी 16.1 मिलिमीटर भरला, तर त्याच ठिकाणी दुसऱ्याचा 15.8. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून हा फरक पडतो.

मग वजन केले. पहिले नाणे हवेत 2.084 ग्रॅम भरले आणि पाण्यात बुडवल्यावर त्याचे वजन 0.201 ग्रॅमने घटले. म्हणजे घनता सुमारे 10.4, जी चांगल्या चांदीला शोभते. दुसरे 1.912 ग्रॅमचे होते व घट 0.221 होती, घनता सुमारे 8.7, म्हणजे आत तांब्याचा मिश्रधातू आणि वर चांदीचा मुलामा. इतक्या लहान नाण्यासाठी मिलिग्रॅम दाखवणारा काटाच लागतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ही घट वाचताना होणारी किरकोळ चूकसुद्धा निष्कर्ष बदलू शकते. शिवाय नक्कल खऱ्या चांदीत ओतलेली असती, तर या चाचणीने काहीच उघड झाले नसते. म्हणून मी पृष्ठभागाच्या निरीक्षणाला नेहमी पहिले स्थान देतो.

सर्वांत बोलका पुरावा मात्र काठाजवळ मिळाला. पहिल्या नाण्याला पूर्वी कडी घालण्यासाठी छिद्र पाडले होते आणि नंतर ते बुजवले होते. बुजवलेला गोल किंचित करडा होता आणि त्यावरून जाणारी कमानीची रेघ ठशाने उमटलेली नव्हती. ती कोरणीने ओढलेली असल्याने तिच्या दोन्ही कडांना धातूची बारीक सळ उभी राहिली होती. दुसऱ्या नाण्यावर त्याच गोलाची पुसट रेषा होती, पण रंगात काहीच बदल नव्हता. छिद्र नसलेल्या नाण्याला बुजवणीची रेषा असण्याचे कारण एकच: नक्कल दुरुस्तीनंतर, या पहिल्याच नाण्यावरून किंवा त्याच्या एखाद्या साच्यावरून झाली.

बाईंनी नोंदवही काढली. त्यात दोन्ही नाणी एकाच देणगीतून, एकाच ओळीत ‘दोन नग’ अशी दाखल होती. निधीचा उल्लेख फक्त पाटीवर होता. नाणे अस्सल असले, तरी ते जोगलटेंभीचे आहे हे त्याच्या धातूवरून ठरत नाही, त्यासाठी लेखी माग लागतो. बाईंनी माझ्या सूचनेवरून नव्या पाट्या लिहिल्या. पहिलीवर ‘नहपानाचे नाणे, गौतमीपुत्र सातकर्णीने पुनर्मुद्रित, अस्सल, छिद्र बुजवून दुरुस्त केलेले, प्राप्तिस्थान अनिश्चित’ असे, तर दुसरीवर ‘वरील नाण्याची ओतीव प्रतिकृती’ असे लिहिले.