बिल्डरच्या एका कॉलची नोंद मला तीनदा लिहावी लागली

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या बिल्डरने सर्व खरेदीदारांसाठी ऑनलाइन कॉल ठेवला होता. कॉल 52 मिनिटे चालला. बिल्डर स्वतः, साइट इंजिनीअर आणि हिशेब विभागातील एक गृहस्थ असे तिघे बोलले आणि आम्ही साधारण चाळीस खरेदीदार ऐकत होतो. सुरुवातीलाच सर्वांसमोर परवानगी घेऊन मी कॉल रेकॉर्ड केला होता. त्यामुळे जे उपस्थित राहू शकले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात नोंद लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्याच रात्री मी ती खरेदीदारांच्या गटावर टाकली. त्या नोंदीतील पहिली ओळ होती : "ताबा : मार्चअखेर."

त्या एका ओळीने पुढचे पाच आठवडे खाल्ले. दुसऱ्याच दिवशी गटातील एका कुटुंबाने घरमालकांना मार्चनंतर जागा सोडत असल्याचे कळवून टाकले, तर एकांनी स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांसाठी आगाऊ रक्कम भरली. मला धास्ती वाटली म्हणून मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. चौदाव्या मिनिटाला बिल्डरचे मूळ वाक्य असे होते : "मार्चअखेर आपण पझेशन सुरू करतोय, म्हणजे तुम्हाला फर्निचरचं काम करून घ्यायला हरकत नाही, आणि ओसीची फाइल तोपर्यंत आत गेलेली असेल."

या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्यांची एक करून टाकली होती. मार्चअखेरची तारीख फक्त फर्निचरसाठी चावी देण्याची होती, जिला बिल्डरच्या कार्यालयात फिट-आउट पझेशन म्हणतात. फाइल आत जाणे म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजेच ओसीसाठी, अर्ज दाखल होणे. प्रमाणपत्र हातात कधी येणार, याबद्दल पूर्ण वाक्यात एक अक्षरही नव्हते. प्रत्यक्ष राहायला जाण्याचा ताबा मात्र ओसीनंतरचाच असतो. राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या नमुना करारातही ओसी मिळाल्यावर सात दिवसांच्या आत बिल्डरने खरेदीदाराला लेखी सूचना देऊन ताबा देऊ करावा, असा क्रम आहे. ओसीच्या आधी चावी घेतली, की पुढे तोच दिवस ताब्याचा दिवस म्हणून दाखवला जाण्याची आणि शेवटचा हप्ता व देखभाल खर्च त्याच दिवसापासून मागितला जाण्याची शक्यता असते. म्हणून नोंदीत नुसता "ताबा" हा शब्द कधीही लिहू नये. फर्निचरसाठी चावी, ओसीचा अर्ज, ओसी आणि ओसीनंतरचा ताबा या चार गोष्टींसाठी चार ओळी ठेवाव्यात आणि ज्या ओळीची तारीख सांगितली गेली नाही, ती ओळ काढून न टाकता तिच्यापुढे "तारीख दिली नाही" असे लिहावे. वाचणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडते ती हीच रिकामी राहिलेली ओळ.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्यांदा ऐकतानाच जाणवली. आपल्या भाषेत कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होते आणि बिल्डर मंडळी नेमके तसेच बोलतात. "होऊन जाईल", "गेलेली असेल", "काम चालूच आहे", "आमचा प्रयत्न आहे" या प्रत्येक वाक्यातून करणारा माणूस गायब असतो. नोंद लिहिताना आपण नकळत त्यांचे "बिल्डर करून देणार" असे करतो, आणि न दिलेले वचन दिल्यासारखे दिसू लागते. त्यामुळे दुसऱ्या नोंदीत मी प्रत्येक तारखेपुढे बोलणाऱ्याचे क्रियापद जसेच्या तसे अवतरणात ठेवले, शेजारी बोलणारी व्यक्ती आणि रेकॉर्डिंगमधील मिनिट लिहिले. मिनिट लिहिल्याचा फायदा असा झाला, की "असे बोललेच नव्हते" हा वाद गटात पुन्हा उद्भवला नाही.

तारखा, अपुरी कामे आणि पैशांची मागणी असे तीन रकाने मी केले. रकाने करणे सोपे होते. खरा उलगडा ते आडवे वाचल्यावर झाला. एकतिसाव्या मिनिटाला इंजिनीअर म्हणाले होते, की लिफ्टचे सामान आले आहे, 15 फेब्रुवारीला जोडणी सुरू होईल आणि तिला दोन महिने लागतील. पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितले, की लिफ्टचा परवाना आणि अग्निशमन दलाचा अंतिम दाखला मिळाल्याशिवाय ओसीची फाइल आत जात नाही. म्हणजे लिफ्टची जोडणी एप्रिलच्या मध्यापर्यंत, त्यानंतर तपासणी व परवाना, आणि त्यानंतर फाइल. मग ती फाइल मार्चअखेर आत कशी जाणार? बिल्डरची तारीख त्यांच्याच इंजिनीअरने सतरा मिनिटांनंतर मोडून काढली होती आणि आमच्यापैकी एकालाही ते त्या वेळी ऐकू आले नव्हते, कारण एक वाक्य तारखेचे होते आणि दुसरे कामाचे.

पैशांच्या रकान्याचेही तसेच झाले. माझ्या सदनिकेची करारातील किंमत 60 लाख रुपये आहे आणि तोपर्यंत मी 85 टक्के, म्हणजे 51 लाख रुपये भरलेले होते. हिशेब विभागातील गृहस्थांनी कॉलवर आणखी दहा टक्के, म्हणजे सहा लाख रुपये आणि त्यावरील पाच टक्के जीएसटीचे 30 हजार रुपये, पंधरा दिवसांत भरण्यास सांगितले. त्यांनी त्याला "पुढचा टप्पा" एवढेच नाव दिले. करार उघडून पाहिल्यावर तो टप्पा सापडला. आमचा करार महारेराच्या नमुन्याप्रमाणे आहे. त्यात बाहेरचे प्लास्टर आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग इथपर्यंत एकूण 85 टक्के घेता येतात. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि विजेची कामे पूर्ण झाल्यावर एकूण 95 टक्के, आणि उरलेले पाच टक्के ओसीनंतर ताबा देताना. ज्या लिफ्टची जोडणी अजून सुरूच झाली नव्हती, तिच्या पूर्ततेचे पैसे त्याच कॉलवर मागितले गेले होते. म्हणून माझ्या नोंदीत मागणीच्या प्रत्येक आकड्यापुढे कराराचे कलम, त्या टप्प्यासाठी पूर्ण हवे असलेले काम आणि त्या कामाबद्दल इंजिनीअर काय म्हणाले, या तीन गोष्टी एकाच ओळीत आल्या. ती ओळ वाचल्यावर वेगळे स्पष्टीकरण कोणालाही लागले नाही.

(हे आधी सांगायला हवे होते : कॉलच्या आधी आपला करार आणि महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाचे पान, दोन्ही समोर उघडून ठेवावे. आमच्या करारात ताब्याची तारीख मागच्या 31 डिसेंबरची आहे, तर महारेराच्या पानावर पूर्णत्वाची मुदत वाढवून 30 जून केलेली आहे. कॉलवर बोलताना महारेराच्या पानावरील तारखेचाच आधार घेतला जात होता. रेरा कायद्याच्या कलम 18 मध्ये विलंब मोजायचा तो करारातील अटींप्रमाणे, म्हणून नोंदीच्या माथ्यावर मी करारातील तारीख लिहिली.)

आता ज्याचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही, ते सांगतो. दुसरी नोंद मी 5 फेब्रुवारीला बिल्डरच्या ग्राहक विभागाला ई-मेलने पाठवली आणि काही चुकले असल्यास दुरुस्त करून कळवावे, अशी विनंती केली. उत्तर आले नाही. फोन केला, तर "साहेब साइटवर आहेत". पुन्हा केला, तर "मीटिंगची मिनिट्स देण्याची आमची पद्धत नाही". तिसऱ्या आठवड्यात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्यालयात गेलो. पाऊण तास बसल्यावर भेटलेल्या व्यवस्थापक बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, "अहो, कॉलवर सरांनी सगळं सांगितलंय ना, मग लेखी कशाला हवंय?" चाळीस कुटुंबांना तोंडी सांगता येते, ते कागदावर लिहिताना अडचण का यावी, हे मी त्यांना विचारले. त्यांनी माझी फाइल बंद करून परत माझ्या हातात दिली.

घरी परतताना माझी चूकही माझ्या लक्षात आली. मी त्यांना दोन पानांची नोंद तपासायला दिली होती. दोन पाने तपासून त्यावर सही करायला कोणतेही कार्यालय तयार होत नाही. मग सहाव्या मजल्यावरच्या ताईंच्या सल्ल्याने, त्या स्वतः एका कंपनीत करारांचेच काम पाहतात, आम्ही तीनच प्रश्नांचे अर्ध्या पानाचे पत्र केले. 31 मार्चची चावी ओसीपूर्वी फक्त फर्निचरसाठी आहे का? ओसी कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे? 95 टक्क्यांच्या टप्प्यातील कामे पूर्ण झाल्याचे वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र कधी मिळेल? तिन्ही प्रश्नांची उत्तरे हो, नाही किंवा तारीख एवढीच येऊ शकत होती. पत्राखाली बावीस खरेदीदारांच्या सह्या होत्या. ते आम्ही ग्राहक विभागाला न पाठवता, करारातील सूचनेच्या कलमात बिल्डरचा जो पत्ता आणि ई-मेल दिलेला असतो, तिथे स्पीड पोस्टने आणि ई-मेलने 20 फेब्रुवारीला पाठवले. गप्प बसणे म्हणजे मान्यता, असा अर्थ कायद्याने आपोआप निघत नाही, हे ताईंनी आम्हाला बजावले होते. तरीही उत्तर आले नसते, तर तारखेसह विचारणा केल्याचा पुरावा आमच्या हाती राहिला असता आणि पुढे तक्रार करण्याची वेळ आली असती तर तो उपयोगी पडला असता.

उत्तर 2 मार्चला आले, अवघ्या पाच ओळींचे. चावी फर्निचरपुरती आहे, ओसी "जूनअखेर अपेक्षित" आहे, आणि वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र सोबत जोडेपर्यंत सहा लाखांच्या मागणीची मुदत स्थगित ठेवली आहे. ते वाचून मला किती हायसे वाटले, हे शब्दांत सांगता येत नाही. मागणी त्यांनी मागे घेतली नाही, पण घरकर्जातून ती रक्कम उचलून तिच्यावर आधीपासून व्याज भरण्याची वेळ आमच्यावर आली नाही. ज्या कुटुंबाने घरमालकांना कळवले होते, त्यांना त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन केला. त्यांचा भाडेकरार जुलैपर्यंत वाढवून मिळाला.

तिसरी नोंद मी त्या उत्तरानंतर लिहिली आणि आता गटावर तीच आहे. तिच्यात "अपेक्षित" हा शब्द मी अवतरणात ठेवला आहे. लिफ्टची जोडणी 15 ऐवजी 24 फेब्रुवारीला सुरू झाली, तेव्हा अपुऱ्या कामांच्या रकान्यात ती तारीख भरली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ओसीच्या अर्जाच्या ओळीतही नऊ दिवस पुढे सरकवल्याची टीप लिहिली. दर पंधरवड्याला आमच्यापैकी दोघे साइटवर जाऊन लिफ्टच्या कामाचे फोटो काढतात आणि तारखेसह त्या ओळीखाली जोडतात.