रविवारचा मेगाब्लॉक आणि माझा तबला

सोलापूर सोडून कांजूरमार्गला राहायला आलो तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. ऑफिसबाहेर ओळखीचं कुणी नव्हतं. लहानपणी अर्धवट सुटलेला तबला पुन्हा सुरू करावा म्हणून दादरचा एक क्लास गाठला. रविवारी साडेअकराची बॅच, तीन महिन्यांची फी आगाऊ, बुडालेल्या तासाची भरपाई नाही.

मेगाब्लॉकचा विचारच केला नव्हता. तो असतो रविवारी, ऐन दुपारी. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की लोकल जलद मार्गावरून वळवतात, आणि त्या कांजूरमार्गला थांबत नाहीत. मग रिक्षानं घाटकोपर, तिथून गर्दी. पहिल्या बारा तासांपैकी पाच बुडाले. शिवाय बॅचमध्ये बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं, प्रारंभिक परीक्षेच्या तयारीला बसवलेली. गुरुजींचा वेळ साहजिकच त्यांच्याकडे जायचा.

फी संपली, क्लास सुटला. नंतर ठरवलं, घरापासून चालत जाता येईल तेवढंच शोधायचं.

पंधरा मिनिटांवर एक मराठी वाचनालय होतं. पुस्तकं घरी न्यायची तर अनामत, वर्गणी आणि पत्त्याचा पुरावा हवा होता. माझ्या आधारवर पत्ता सोलापूरचा. भाडेकरार दाखवला, तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अकरा महिन्यांचाच आहे हो. एका जुन्या सभासदाची सही आणा." आता सभासद कुठून आणायचा? पण वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायला सभासदत्व लागत नव्हतं. रोज सकाळी अर्धा तास बसू लागलो. तिसऱ्या आठवड्यात शब्दकोडं सोडवणाऱ्या एका काकांनी आपणहून विचारलं, "नवीन का?" सही त्यांनीच केली.

तिथल्याच फळ्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: तबला, शनिवारी रात्री आठ, मागच्या सोसायटीचा हॉल. या वेळी पैसे देण्याआधी एक तास नुसता बसून पाहिला. मोठी माणसं किती, तबला तिथे मिळतो की आपला न्यायचा, आणि परीक्षेला न बसलं तर चालेल का, एवढंच विचारलं. मोठे चौघे होते. सर म्हणाले, "परीक्षेचं नंतर बघू. आधी मांडी घालून तासभर बसता येतंय का पाहा." ते खरंच अवघड निघालं. पहिला महिना हात बसवणं आणि पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, एवढ्यातच गेला.

भाड्याच्या घरात भिंती पातळ, रात्री वाजवणं अशक्य. म्हणून लोकलमध्ये मांडीवर तीनताल धरतो: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. परवा खालीला हात उघडला, तर समोरच्या माणसाला वाटलं मी जागा मागतोय. तो बिचारा सरकून बसला.