न्यूझीलंडमध्ये पहिल्याच सोमवारी नाकाला नाक: मराएवर जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

लेकीला ऑकलंडच्या एका शाळेत टीचरचा जॉब लागला. तिकडे शाळा जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतात, म्हणून हे आणि मी जानेवारीतच तिच्याबरोबर गेलो. शनिवारी उतरलो आणि सोमवारी सकाळी नवीन स्टाफचं पोफिरी, म्हणजे माओरी पद्धतीचं स्वागत. घरच्यांनाही बोलावतात. लेक म्हणाली, आई, शेवटी सगळ्यांशी होंगी करायचं असतं, नाकाला नाक लावतात. मला वाटलं एखाद्या मुख्य माणसाशी असेल, पण तिथे यजमानांची तीसेक माणसं ओळीने उभी होती आणि प्रत्येकाशी करायचं होतं.

आधी उच्चाराचं सांगते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. होंगी म्हणजे नाकाचं, हांगी म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर शिजवलेलं जेवण. दोन्हीत ग स्पष्ट म्हणायचा नाही, आपल्या वाङ्मयातला ङ आहे ना, तसा.

आणि घाबरून जाऊ नका, दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्यांकडे कोणी नाक पुढे करत नाही. तिथे किया ओरा म्हटलं की झालं, फार तर शेकहँड. होंगी येतं ते मराएवर (माओरी लोकांचं सभागृह आणि त्यापुढचं अंगण), शाळा-युनिव्हर्सिटीच्या स्वागतात, नाहीतर एखाद्या मोठ्या सरकारी कार्यक्रमात. रोटोरुआला टुरिस्ट लोकांसाठी शो असतात तिथे बहुतेक वेळा पाहुण्यांमधून एकाला प्रमुख म्हणून निवडतात आणि तोच सगळ्यांच्या वतीने होंगी करतो, त्यामुळे तो शो बघून आलात म्हणजे प्रॅक्टिस झाली असं समजू नका.

आमच्या वेळी असं झालं. गेटबाहेर सगळे पाहुणे गोळा झालो, आतून एका बाईने लांब सुरात हाक दिली, तिला कारांगा म्हणतात, आमच्या बाजूने शाळेतल्याच एका माओरी बाईंनी उत्तर दिलं आणि मग आम्ही हळूहळू आत चालत गेलो. मध्ये एकदा सगळे थांबून मान खाली घालून उभे राहतात, ते गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. मग खुर्च्यांवर बसायचं, पहिल्या रांगेत बोलणारे पुरुष, बायका मागे (मला हे खटकलं, पण त्यांच्या घरात त्यांची रीत). भाषणं, प्रत्येक भाषणानंतर त्या बाजूच्या लोकांनी उभं राहून गाणं, आणि सगळ्यात शेवटी आमच्या बाजूच्या वक्त्याने पाकीट जमिनीवर ठेवलं, ती कोहा म्हणजे भेट. गाणं आधी पाठ करा, चार ओळींचंच असतं आणि नवीन लोकांना आधी पाठवतात, माझं राहिलं होतं आणि नुसते ओठ हलवत उभं राहणं फार वाईट वाटलं.

मग ओळ. माझ्यासमोर आले ते सत्तरीचे आजोबा, आणि माझे हात सवयीने जोडले गेले. ते पुढे झुकलेले आणि मध्ये माझे जोडलेले हात, त्यांना जवळच येता येईना. ते थांबले, मी हात खाली घेतले, त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि मग झालं. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता, पण आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं म्हणून सांगते: नमस्कार करायचाच असेल तर दोन पावलं लांब असताना करा आणि मग उजवा हात मोकळा ठेवून पुढे जा. वडीलधारे दिसले म्हणून पाया पडायला वाकू नका, ते त्याच वेळी पुढे झुकतात आणि डोक्याला डोकं आपटेल. आणि लहान मुलं समोर आली की आपण प्रेमाने डोक्यावर हात ठेवतो ना, तेही तिथे नको. माओरींमध्ये डोकं तापू म्हणजे पवित्र मानतात, हात लावायचा तर खांद्याला.

प्रत्यक्ष होंगी अगदी सोपं आहे. उजवा हात शेकहँडसारखा द्यायचा, डावा समोरच्याच्या खांद्यावर किंवा दंडावर, डोळे मिटायचे किंवा खाली, आणि मान सरळ ठेवून कपाळ आणि नाक हलकेच टेकवायचं. घासायचं नाही, नुसतं टेकवून एक श्वास होईल एवढं थांबायचं. मान तिरकी केली की नाकं आपटतात, चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. कुठे एकदा टेकवतात, कुठे दोनदा, म्हणून आपण घाईने मागे व्हायचं नाही, समोरचा हात सैल सोडेपर्यंत थांबायचं. चष्मा माझ्या पुढच्या बाईंनी काढून हातात धरला तसा मीही काढला.

दुसरा गोंधळ गालाचा. त्याच ओळीत काही जण, विशेषतः बायकांना भेटताना, होंगीऐवजी गालावर हलकं चुंबन देतात. कसं ओळखायचं? समोरच्याचा चेहरा बघा. चेहरा सरळ आणि नजर खाली जात असेल तर नाक, चेहरा बाजूला वळत असेल तर गाल. आपण आधी ठरवून जायचं नाही, त्यांना पुढे येऊ द्यायचं आणि ओळीत पहिलं तर अजिबात उभं राहायचं नाही, चार-पाच जणांच्या मागे राहिलं की पुढचे काय करतायत ते नीट दिसतं. सर्दी-खोकला असेल, किंवा परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ जायला मन घेत नसेल, तर हात पूर्ण लांब करून कोपर ताठ ठेवा, ते समजून घेतात आणि शेकहँडवर थांबतात. आमच्यातल्या एका काकूंनी तसंच केलं, कोणाला काही वाटलं नाही. 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी तर काही जमातींनी स्वतःच होंगी बंद ठेवलं होतं.

एवढं जवळ का यायचं, हे मी नंतर त्या आजोबांनाच विचारलं. ताने देवाने लाल मातीची पहिली बाई घडवली, हिनेआहुओने तिचं नाव, आणि तिच्या नाकात श्वास फुंकला, ती शिंकली आणि जिवंत झाली. होंगीत तोच श्वास दोघं वाटून घेतात. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करणाऱ्या आपल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही, मला तरी गोष्ट ऐकल्यावर दुसऱ्या वेळी अजिबात संकोच झाला नाही.

बोलायचं म्हटलं तर एका माणसाला तेना कोए, दोघांना तेना कोरुआ, तीन किंवा जास्त असतील तर तेना कोउतोउ. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना द्विवचन आठवेल.

होंगी झालं की लगेच जेवण, आणि ते टाळायचं नाही, कारण काहीतरी खाल्ल्यावरच तो विधी पुरा होतो. आमच्या ह्यांचा त्या दिवशी सोमवारचा उपवास होता, त्यांनी केळं घेतलं आणि चाललं. तिथे कुमारा म्हणजे रताळं भरपूर मिळतं, पण हांगीतलं असेल तर ते मांसाबरोबर एकाच खड्ड्यात शिजलेलं असतं, शाकाहारी लोकांनी दोन दिवस आधीच कळवून ठेवा. आणि टेबलावर टेकून बसू नका, जेवायच्या जागेवर बूड ठेवणं त्यांना आपल्याइतकंच वाईट वाटतं.