एच की डब्ल्यू? स्टील-काँक्रीटचा आयटीपी पास करून घेताना निघालेला घाम

स्लॅब भरणं एक वेळ सोपं, पण त्याआधी जे टेबल पास करून घ्यावं लागतं त्याने माझं डोकं फिरवलं. म्हणून सविस्तर लिहितोय, नवीन क्वालिटीत आलेल्यांना उपयोग होईल. साइट मुंबई उपनगरातली, रहिवासी टॉवर, अ‍ॅल्युमिनियम शटरिंग, आम्ही कॉन्ट्रॅक्टरकडून. समोर पीएमसी, म्हणजे क्लायंटने कामावर देखरेखीला नेमलेले सल्लागार. नावं घेत नाही.

आयटीपी, म्हणजे इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन, हे एक आडवं टेबल असतं. डावीकडे कामाची पायरी, मग कुठल्या ड्रॉइंग किंवा कोडप्रमाणे तपासायचं, किती फरक चालेल, किती वेळा तपासायचं, रेकॉर्ड कुठल्या फॉरमॅटवर ठेवायचं, आणि शेवटी तीन रकाने: कॉन्ट्रॅक्टर, पीएमसी, क्लायंट. या तीन रकान्यांत एकेक अक्षर भरायचं. एच म्हणजे होल्ड, सही झाल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. डब्ल्यू म्हणजे विटनेस, वेळेवर कळवायचं, ते आले तर त्यांच्यासमोर करायचं, नाही आले तर काम चालू ठेवायचं. आर म्हणजे फक्त कागद बघणे, एस म्हणजे येताजाता नजर. एवढंच. सगळं भांडण त्या अक्षरांवरून.

मटेरियलचा भाग पटकन झाला, त्यावर काय लिहायचं. स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट आर, लॅबमधल्या सळईच्या टेस्टला डब्ल्यू, मिक्स डिझाइन मंजुरीला एच, कोणी काही बोललं नाही.

अडकलं ते कास्टिंगच्या पानावर. टेबल परत आलं तेव्हा पीएमसीच्या रकान्यात लाल पेनाने सगळीकडे एच. कव्हर ब्लॉक एच, चेअर एच, प्रत्येक टीएमचा, म्हणजे काँक्रीटच्या ट्रान्झिट मिक्सर गाडीचा स्लंप, काँक्रीट किती पातळ ते बघायची टेस्ट, एच, ताकद तपासायचे क्यूब भरणे एच, व्हायब्रेटर चालू आहे का तेही एच, क्युरिंग एच. शेरा "रिव्हाइज अँड रिसबमिट". पुढच्या वेळी दुरुस्त करून दिलं तर नवीनच शेरा, फूटरमध्ये रिव्हिजन नंबर चुकीच्या बाजूला आहे. बरं, तो हलवला. मग म्हणे क्लायंटचा रकाना आधी घ्या. मी काय करणार, घेतला. पण अक्षरं तशीच लाल.

मूळ दुखणं वेगळंच होतं, ते कळायला मला वेळ लागला. आमच्या मसुद्यात खाली एक ओळ होती, की डब्ल्यू पॉइंटला ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास थांबून कोणी आलं नाही तर कॉन्ट्रॅक्टर काम पुढे नेईल आणि तसं रेकॉर्डला लिहील. ती ओळ त्यांनी दर वेळी शांतपणे खोडली. तोंडाने म्हणायचे, "अहो, चार ठिकाणी डब्ल्यू देतो ना तुम्हाला." पण ती ओळ नसेल तर डब्ल्यू हा एचच झाला ना! कारण फोन उचलला नाही तर काम थांबवून बसायचं कोणी, तर आम्ही. तुमचा आयटीपी परत आला की आधी अक्षरं बघू नका, टेबलाखालच्या टिपा वाचा. खरी मेख तिथे असते.

त्यांचीही बाजू होती, नाही असं नाही. आधीच्या कुठल्या तरी साइटवर कॉन्ट्रॅक्टरने रात्रीतून शटर बंद करून सकाळी "साहेब, कळवलं होतं" म्हणून मेल दाखवलेला, असं त्यांचे सीनियर म्हणाले. म्हणून सगळ्याला एच लावून मोकळे.

मग मी एक काम केलं, त्याने गाडी हलली. वाद न घालता चौदाव्या मजल्याचा स्लॅब कागदावर मांडला. भिंती आणि स्लॅब एकत्र, त्या पोअरचं काँक्रीट 92 घनमीटर. टीएममध्ये 6 घनमीटर धरले तर 16 गाड्या. पंपाने तासाला साधारण 15 घनमीटर चढतं म्हणजे सहा तासांच्या वर. आता स्लंप कुठे घेतात? खाली, पंपाच्या हॉपरपाशी. व्हायब्रेटर कुठे चालतो? वर, चौदाव्यावर. दोन्हीला एच आणि पीएमसीचा साइटवर माणूस एक. तो खाली सही करत असेल तर वरचं काम थांबलं, वर गेला तर खाली गाडी उभी. आणि गाडी उभी राहणं म्हणजे गंमत नाही, आयएस 4926 प्रमाणे प्लांटवर लोड झाल्यापासून 2 तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, त्यातला अर्धाअधिक वेळ हायवेवरच जातो, दिवसा अवजड गाड्यांच्या बंदीच्या वेळा आहेत, रात्री 10 नंतर शेजारच्या सोसायटीचे काका आवाजावरून कंट्रोल रूमला फोन लावतात. म्हणजे सहीची वाट बघत उभ्या गाडीचा स्लंप पडणार, आणि मग ड्रायव्हर पाण्याचा पाइप हातात घेणार. ज्यासाठी एच लावला तेच बिघडणार. हे एका पानावर लिहून, वेळेचे दोन रकाने काढून मीटिंगमध्ये ठेवलं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटचे साहेब त्या दिवशी नेमके होते, त्यांनी पान बघून पीएमसीला विचारलं, "तुम्ही सोळा गाड्यांसाठी माणूस देणार आहात का?" उत्तर आलं नाही.

इथे मीही एक ओळ उलटी मागितली, आणि ती मागताना मला बरं वाटलं हे कबूल. सगळ्यांना एच देणाऱ्या त्या टेबलात जिथे एच खरोखर हवा होता ती पायरीच नव्हती! फक्त "पोअरच्या आधी स्टील तपासणी" अशी एकच ओळ. अ‍ॅल्युमिनियम शटरिंगमध्ये भिंतीची जाळी आधी बांधतात, मग दोन्ही बाजूंचे पॅनल बंद होतात, मग वर डेक आणि स्लॅबचं स्टील. पोअरच्या दिवशी सकाळी येणारा माणूस वरून टॉर्च मारून भिंतीत काय बघणार, पहिला हातभर भाग. खाली कव्हर ब्लॉक निसटून सळई पॅनलला टेकली असेल तर ती थेट डी-शटरिंगनंतर दिसते, कधी कधी तेव्हाही दिसत नाही, काही पावसाळ्यांनी गंजाची रेघ उमटते. म्हणून मी ओळ फोडून दोन एच केले, एक भिंतीचं स्टील आणि त्यातली इलेक्ट्रिकची पाइपं, पॅनल बंद करण्याआधी, दुसरा स्लॅबचं स्टील, पोअरच्या आधी. पीएमसीवाले चमकले, कॉन्ट्रॅक्टर स्वतः होल्ड वाढवून मागतोय.

भिंतीच्या एचला काय बघायचं तेही आकड्यात लिहा, "ड्रॉइंगप्रमाणे" एवढंच लिहिलं की जागेवर वाद. आमच्या भिंतीला ड्रॉइंगमध्ये कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 40 मिमी. आयएस 456 मध्ये फरक फक्त वरच्या बाजूला चालतो, 10 मिमी जास्त चालेल, कमी अजिबात नाही. म्हणजे 40 ते 50. पीएमसीने तिथे "±5" टाइप केलं होतं, म्हणजे 35 पास आणि 48 फेल! ते आम्ही बदलून घेतलं. रिंगचा हूक 135 अंशात वाकलेला हवा आणि पुढचं टोक सळईच्या व्यासाच्या सहापट, पण 65 मिमीपेक्षा कमी नाही, हे आयएस 13920 मधलं. 8 ची रिंग असो की 10 ची, सहापट केलं तर 48 आणि 60 येतात, म्हणून दोन्हीला 65 च लागू. मी फिटरच्या मुकादमाला 65 मिमीचा सळईचा तुकडाच कापून दिला, हुकाच्या टोकाला लावून बघायचं, आखूड असेल तर रिंग बदलायची. टेप काढून वाद घालण्यापेक्षा हे बरं.

भिंतीच्या एचमुळे शटरिंगवाला चिडणार हे धरूनच चला. त्याचा रेट चौरस मीटरवर, जाळी उघडी दिसली की पॅनल लावायची घाई. यावर उपाय म्हणजे रिलीज अख्ख्या मजल्याचं घेऊ नका, फ्लॅटवार घ्या. आरएफआयला, म्हणजे तपासणीला या अशा विनंतीच्या कागदाला, की-प्लॅन जोडायचा, ज्या भिंती तयार आहेत त्यावर हायलाइटर, तेवढ्यांची सही, गँग तिथे लागते, तोवर फिटर पुढच्या फ्लॅटला.

शेवटी जे ठरलं ते असं. एचला 24 तास आधी आरएफआय, आणि प्रत्यक्ष वेळ दोन तास आधी फोनवर पक्की. एचवर पीएमसीचा मुख्य माणूस नसेल तर सही कोणाची, त्या दुसऱ्याचं नाव आधीच टेबलाखाली. हे नाव मिळवायला सगळ्यात जास्त ताणावं लागलं, कारण नाव दिलं की जबाबदारी आली. डब्ल्यूला चार तास आधी कळवणे आणि ती खोडलेली ओळ परत, फक्त त्यांच्या समाधानासाठी "फोटोसह रेकॉर्ड" हे शब्द वाढवून. मला चालतंय, फोटो आम्ही तसेही काढतो. स्लंप सगळ्या गाड्यांचा आम्ही घेणार, पीएमसीला पहिल्या गाडीला डब्ल्यू आणि नंतर मनात येईल तेव्हा. स्लंप मिक्स डिझाइनमध्ये मंजूर झालेल्या मर्यादेबाहेर गेला तर गाडी परत पाठवायचा अधिकार आमच्या क्वालिटीच्या माणसाला, विचारायला नको. साइटवर पाणी टाकलेली गाडी सरळ परत. व्हायब्रेटर आणि क्युरिंग एस.

क्यूबचं राहिलं. तिथे त्यांनी "प्रत्येक गाडीला एक सँपल" लिहिलं होतं. आयएस 456 चा हिशोब असा, की 31 ते 50 घनमीटरला 4 सँपल आणि त्यापुढे प्रत्येक 50 ला किंवा उरलेल्या भागाला आणखी 1. आमच्या 92 ला 4 अधिक 1, म्हणजे 5 सँपल, सँपलला 3 क्यूब धरून 28 दिवसांचे 15. गाडीवार केलं तर 48 झाले असते, तेवढे साचे आहेत कोणाकडे, आणि क्युरिंग टँक किती मोठा लागेल. 7 दिवसांचे हवे असतील तर ते या 15 शिवाय वेगळे भरावे लागतात, ते टेबलात आत्ताच लिहा, नाहीतर नंतर याच 15 मधले फोडायला सांगतात आणि 28 ला सँपल अपुरं पडतं.

आणि हो, पोअर कार्डावर आयटीपीचा ओळ क्रमांक छापून घ्या. आणि सहीसमोर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. आमच्याकडे एकदा भिंतीच्या रिलीजवर नुसती तारीख होती, दुपारी पॅनल लागले, संध्याकाळी तेच पीएमसीचे साहेब म्हणाले की मी तर आत्ता बघायला आलो. आरएफआयच्या मेलवर सकाळची वेळ होती म्हणून भागलं, नाहीतर सगळे पॅनल उघडावे लागले असते.