थेंब आले कुठून?

दुसरीच्या वर्गाला जलचक्र शिकवायला मी यंदा दिवाळीआधीचे तीन दिवस निवडले. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी लवकर वाळत नाही आणि मुलं वाट बघून कंटाळतात. ऑक्टोबरचं ऊन या पाठाला फार उपयोगी पडतं.

पहिल्या दिवशी मी स्वतः रचलेलं गाणं घेतलं. त्यात ‘सूर्य पाणी पितो’ अशी एक ओळ होती. नंतर मुलांना चित्रं काढायला सांगितली, तर निम्म्या सूर्यांना तोंड आणि पोट! गाण्यातला शब्द मुलं अक्षरशः खरा धरतात. ती ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी पातेल्यात गरम पाणी ओतलं, वर स्टीलची ताटली झाकली आणि ताटलीत बर्फ ठेवला. पाणी मीच ओतलं, मुलं दोन हात लांब अर्धगोलात बसली होती. पाचेक मिनिटांनी ताटली उचलली. खालून थेंब लोंबत होते. मी विचारलं, “हे कुठून आले?” जवळजवळ सगळे म्हणाले, “बर्फ पाझरला, बाई.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वर बर्फ, खाली थेंब, मग दुसरं काय वाटणार? म्हणून मी घरून लाल रंग घातलेला बर्फ करून आणला आणि तिसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा केला. पातेल्यातल्या पाण्यात निळी शाई टाकली. एका मुलीने ताटलीखालचे थेंब पांढऱ्या रुमालाने टिपले. रुमाल ओला झाला, पण डाग पडला नाही. बर्फाचा प्रश्न मिटला. तेवढ्यात मागून आवाज आला, “मग निळ्यातूनपण नाही आले!”

हा प्रश्न माझ्या पाठाच्या टाचणात नव्हता. मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. तेच निळं पाणी दोन चमचे एका पांढऱ्या बशीत घेतलं आणि बशी उन्हात ठेवली. जमिनीवर पाणी सांडलं असतं तर ‘मातीत मुरलं’ म्हणाली असती, म्हणून बशीच घेतली. पाण्याचा काठ जिथे होता तिथे बशीच्या बाहेरून पेन्सिलीने खूण केली. मधल्या सुट्टीत पाहिलं तेव्हा काठ आत सरकला होता. शाळा सुटायच्या आधी बशी कोरडी झाली होती आणि तळाशी निळा डाग तेवढा उरला होता.

मुलं बशीभोवती वाकून बघत राहिली. ज्याने शंका काढली होती, तोच बोटाने डाग घासत म्हणाला, “रंग खाली राहिला, पाणी वर गेलं.”

काढलेल्या ओळीच्या जागी आता त्याची ओळ आहे: ‘रंग राही खाली, पाणी जाई वर.’ ‘खाली’ला मुलं जमिनीला हात लावतात आणि ‘वर’ला बोटं नाचवत टाचा उचलतात.