आमची वाटचाल: अरबी डिस्चार्ज कार्डापासून इंग्रजी कागदापर्यंत

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या आमच्या भाषांतर कचेरीचे काम सुरुवातीला आखाती देशांतील नोकरीचे करार, वाहनपरवाने आणि दाखले एवढ्यावरच चालत असे. रुग्णालयाचे कागद आमच्याकडे आले ते परदेशी आजारी पडून गावी परतलेल्या माणसांबरोबर, कारण येथील डॉक्टरांना आणि विमा कंपनीला डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत हवे असते. आखातातील बरीच मोठी रुग्णालये ते इंग्रजीतच देतात. हाताने लिहिलेले अरबी कार्ड आले की खरे काम सुरू होते. माझे भागीदार मस्कतमध्ये राहून अरबी शिकले आहेत. त्यांच्या जोडीला आम्ही एक निवृत्त फार्मासिस्ट घेतले, आणि या व्यवसायातील माझा सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच असे मी मानतो.

कागल तालुक्यातील एका चालकाचे कार्ड घेऊन त्यांचा मुलगा आला, तेव्हा निदानाच्या ओळीत ‘जल्ता कल्बिया’ असे लिहिले होते. ‘जल्ता’ म्हणजे रक्ताची गुठळी. परंतु रोजच्या अरबीत हृदयाचा जल्ता म्हणजे हार्ट अटॅक आणि मेंदूचा जल्ता म्हणजे पक्षाघाताचा झटका. शब्दशः ‘हृदयातील गुठळी’ असे इंग्रजीत लिहिले असते, तर येथील डॉक्टरांनी हृदयाच्या कप्प्यात साचलेली गुठळी असा अर्थ घेतला असता, आणि ती वेगळी अवस्था आहे. पुढच्या ओळीत मनगटातून ‘कस्तरा’ केल्याचे आणि ‘दिआमा’ बसवल्याचे म्हटले होते. ‘कस्तरा’ म्हणजे शरीरात बारीक नळी घालणे, पण हा शब्द लघवीच्या नळीलाही वापरतात, म्हणून ‘मनगटातून’ हा तपशील निर्णायक ठरला. ‘दिआमा’ म्हणजे स्टेंट. औषधांत रक्ताची गुठळी होऊ न देणारी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल होती, म्हणजे सर्व खुणा एकाच दिशेने जात होत्या. आम्ही हार्ट अटॅक असे लिहिले आणि मूळ अरबी शब्द चौकटी कंसात ठेवला.

औषधांची नावे अरबी लिपीतून परत आणणे हे आणखी किचकट असते. अरबीत ‘प’ आणि इंग्रजी ‘व्ही’ यांची अक्षरे नसल्याने प्लाविक्स हे ‘ब्लाफिक्स’ आणि लिपिटॉर हे ‘लिबिटॉर’ असे दिसते. अक्षरामागे अक्षर लावून उतरवलेले नाव औषधांच्या यादीत सापडत नाही, म्हणून कंपनीचे मूळ नाव ओळखून तेच लिहावे लागते आणि त्यापुढे, आमची भर आहे हे स्पष्ट करून, क्लोपिडोग्रेल किंवा अॅटोरव्हास्टॅटिन असे मूळ औषधाचे नाव द्यावे लागते. तेथील ब्रँडच्या जागी भारतीय ब्रँड आम्ही कधीच घालत नाही. अॅस्पिरिन ८१ मिलीग्रॅम लिहिले होते. आपल्याकडे ७५ मिळते म्हणून आकडा बदलायचा नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

खरा धोका आकड्यांत असतो. अरबीतील पाच आपल्या शून्यासारखे वर्तुळ असते आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे पन्नास हा आकडा नवख्याला शून्य आणि पूर्णविराम वाटतो. हस्ताक्षरात अनेकजण तीन असे लिहितात की ते छापील दोनसारखे दिसते. दशांशचिन्ह स्वल्पविरामासारखी बारीक रेघ असते आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती सहज पुसली जाते. त्याच कार्डावर कॉनकॉर, म्हणजे बायसोप्रोलॉल, पुढे ‘२५’ दिसत होते, आमच्या फार्मासिस्टनी लगेच पेन खाली ठेवले, कारण या औषधाची २५ मिलीग्रॅमची गोळीच नसते, १.२५ पासून १० पर्यंतच्याच असतात. तरीही अंदाजाने दुरुस्ती न करता आम्ही रिकाम्या खोक्याचा फोटो मागवला, आणि त्यावर २.५ स्पष्ट होते.

मेटफॉर्मिनची ओळ मात्र खोक्याने सुटली नाही. तेथे ‘१×२’ असे होते. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्याचा पहिला आकडा कोणता, हे ठरवता येत नव्हते: एक गोळी दोन वेळा, की दोन गोळ्या एकदम? दिवसाची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून दिलेल्या गोळ्यांची संख्या मोजूनही उत्तर मिळत नाही. अशा ठिकाणी आम्ही मूळ खूण जशीच्या तशी उतरवतो आणि ‘अर्थ संदिग्ध, डॉक्टरांनी खात्री करावी’ अशी टीप जोडतो. मुलाला ते अपुरे वाटले आणि ‘काहीतरी एक लिहा की साहेब’ असे तो म्हणाला. आम्ही लिहिले नाही.

जेथे अरबी स्पष्ट असते, तेथेही इंग्रजीत ओडी, बीडी, एसओएस ही येथील संक्षिप्त रूपे आम्ही टाळतो. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर त्याचाच अर्थ उजवा डोळा होतो, आणि आमचा कागद कधी कोल्हापुरात तर कधी परत परदेशात वाचला जातो. त्यामुळे ‘दिवसातून एकदा’, ‘गरज पडल्यास’ असे पूर्ण शब्दांत लिहितो. कागद थोडा लांबतो, टंकलेखनाला वेळ लागतो आणि दर पानामागेच असल्याने काही ग्राहकांना ते खटकते. सध्या आम्ही हस्तलिखित कार्ड स्वीकारताना स्कॅन केलेली प्रत आणि औषधांची खोकी किंवा पट्ट्या दोन्ही मागतो. पट्ट्या फेकून दिलेल्या असतील, तर तसे भाषांतराच्या तळटिपेत नोंदवतो.